व्हीपीएन: नजर हटत नाही, हात बदलतात

प्रश्न: सर, मी म्हापशाला बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर क्लबमध्ये मला वीस मिनिटं बोलायचंय: व्हीपीएन म्हणजे काय आणि काय नाही. निम्मी मुलं म्हणतात, व्हीपीएन लावलं की आपण कोणालाच दिसत नाही. त्यांना नेमकं काय सांगू आणि काय दाखवू?

उत्तर:

वीस मिनिटांत एकच गोष्ट नीट पोचव. व्हीपीएन लावल्यावर तुमच्यावरची नजर नाहीशी होत नाही, ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. आधी जे वाय-फायच्या मालकाला आणि इंटरनेट कंपनीला दिसत होतं, ते आता व्हीपीएनचा सर्व्हर चालवणाऱ्याला दिसतं. त्यामुळे "व्हीपीएन सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. "मला कोणापासून काय लपवायचंय, आणि ते आता कोणाच्या हाती देतोय?" या प्रश्नाला मात्र आहे. हे नुसतं सांगितलं तर मुलं मान डोलावतील आणि विसरतील. पडद्यावर दाखवलंस तर विसरणार नाहीत. म्हणून अर्धा वेळ बोलण्याला आणि अर्धा प्रात्यक्षिकाला ठेव.

सुरुवात व्हीपीएनशिवाय कर. समज, तू म्हापसा बसस्टँडजवळच्या एखाद्या कॅफेत बसला आहेस आणि निकाल बघायला गोवा विद्यापीठाची साइट उघडतोस. तुझा लॅपटॉप सगळ्यात आधी `www.unigoa.ac.in` या नावाचा आयपी पत्ता विचारतो. यालाच डीएनएसची विचारणा म्हणतात. ती बहुतेक वेळा कॅफेच्या राउटरकडे जाते आणि तीही उघड्या मजकुरात. पत्ता मिळाला की लॅपटॉप त्या सर्व्हरशी एचटीटीपीएसची जोडणी सुरू करतो. जोडणीच्या पहिल्याच संदेशात साइटचं नाव पुन्हा एकदा उघडं जातं, कारण एकाच पत्त्यावर अनेक साइट असू शकतात आणि सर्व्हरला कोणतं प्रमाणपत्र पुढे करायचं ते कळायला हवं. हे नावही झाकायची सोय आता आली आहे, पण ती अजून सगळीकडे चालत नाही. इथून पुढचं सगळं, म्हणजे तुझा सीट नंबर, पासवर्ड, कोणतं पान उघडलंस, हे कूटबद्ध असतं.

म्हणजे कॅफेवाल्याला आणि त्याच्या इंटरनेट कंपनीला इतकंच कळतं, की अमुक वाजता या लॅपटॉपवरून विद्यापीठाची साइट उघडली गेली आणि साधारण इतका डेटा आला. निकाल काय लागला ते त्यांना कळत नाही. इथे जरा थांबून मुलांना स्पष्ट सांग, की पासवर्ड झाकण्याचं काम इथे एचटीटीपीएसने केलं आहे. व्हीपीएनच्या जाहिरातींत "सार्वजनिक वाय-फायवर तुमचा पासवर्ड चोरतील" असं सांगतात. ही भीती एका काळी अगदी खरी होती. २०१० साली फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेन्शन आलं होतं. त्यात एक बटण दाबलं की त्याच वाय-फायवरच्या दुसऱ्या माणसाचं चालू असलेलं फेसबुक उघडता येत असे, कारण तेव्हा लॉगिननंतरची पानं साध्या एचटीटीपीवर चालत. त्यानंतर मोठ्या साइटनी एचटीटीपीएस सक्तीचं केलं, आणि २०१५ पासून लेट्स एनक्रिप्ट या संस्थेच्या सेवेमुळे प्रमाणपत्रं फुकट मिळू लागल्यावर लहान साइटही त्यावर आल्या. आज बँकेचा पासवर्ड कॅफेत वाचला जाण्याचा धोका पूर्वीसारखा राहिलेला नाही. खोट्या साइटवर तो आपल्याच हाताने टाइप करण्याचा धोका मात्र आहेच, आणि त्यावर व्हीपीएनचा काहीच इलाज नाही. खोटी साइटसुद्धा व्हीपीएनमधून तितक्याच सुखरूप उघडते.

आता व्हीपीएन लाव. लॅपटॉपवर एक आभासी नेटवर्क कार्ड तयार होतं. वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव सहसा `wg0` असतं. लॅपटॉपमधून निघणारं प्रत्येक पॅकेट आधी या कार्डाकडे जातं. तिथे ते आख्खं, पत्त्यासकट, कूटबद्ध होतं आणि दुसऱ्या एका पॅकेटच्या पोटात बसतं. पत्रासारखं बघ: विद्यापीठाचा पत्ता लिहिलेलं पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून चिकटवलं आणि वर फक्त व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता लिहिला. सर्व्हर बाहेरचं पाकीट फोडतो, आतल्यावर पाठवणाऱ्याच्या जागी स्वतःचा पत्ता घालतो आणि ते पुढे सोडतो. उत्तर याच वाटेने उलटं येतं. व्हीपीएनचं काम इथे संपतं. त्याने दिलेलं आवरण तुझ्या लॅपटॉपपासून त्या सर्व्हरपर्यंत आहे. सर्व्हरपासून विद्यापीठापर्यंत पॅकेट उघड्या इंटरनेटवरूनच जातं, आणि तिथे एचटीटीपीएस असेल तेवढंच संरक्षण.

प्रात्यक्षिकासाठी महिन्याच्या भाड्याने मिळणारा एखादा लहान लिनक्स सर्व्हर घे आणि त्यावर वायरगार्ड बसव. ओपनव्हीपीएन किंवा आयपीसेकही चालेल, पण वायरगार्डची फाइल आठ-दहा ओळींची असते आणि मुलांना ती वाचता येते. २०२० सालच्या लिनक्स ५.६ पासून ते कर्नेलमध्येच आहे. लॅपटॉपवरची फाइल अशी:

```
[Interface]
PrivateKey = <लॅपटॉपची खासगी किल्ली>
Address = 10.8.0.2/32
DNS = 1.1.1.1

[Peer]
PublicKey = <सर्व्हरची सार्वजनिक किल्ली>
Endpoint = 203.0.113.10:51820
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

`Endpoint` म्हणजे बाहेरच्या पाकिटावरचा पत्ता. इथे तुझ्या सर्व्हरचा खरा पत्ता येईल. `AllowedIPs` ही या फाइलमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे, कारण कोणत्या पत्त्यांकडे जाणारी पॅकेटं पाकिटात घालायची ते तीच ठरवते. इथे लिहिलंय "सगळी". कॉलेजच्या लॅबपुरतंच व्हीपीएन हवं असेल, तर तिथे फक्त लॅबच्या नेटवर्कचा पट्टा लिहितात, आणि बाकीचं इंटरनेट नेहमीच्या वाटेने चालू राहतं. व्हीपीएन मुळात याच कामासाठी आलं: घरी किंवा दुसऱ्या गावी असलेल्या माणसाला कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कवर बसल्यासारखं काम करता यावं म्हणून. ओळख लपवणं हा त्याचा हेतू नव्हता. ग्रंथालयातच उघडणारी शोधनियतकालिकं घरून वाचायला तुमचं कॉलेज व्हीपीएन देत असेल, तर तो त्याचा अस्सल उपयोग आहे.

पहिल्यांदा व्हीपीएन बंद ठेवून, जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणाऱ्या `tcpdump` ने लॅपटॉपवर डीएनएसवर नजर ठेव, आणि दुसऱ्या खिडकीत `getent ahostsv4 www.unigoa.ac.in` चालव. ब्राउझर वापरू नकोस, कारण आजकाल काही ब्राउझर डीएनएस स्वतःच कूटबद्ध करतात आणि मग पडद्यावर काहीच दिसत नाही.

```
sudo tcpdump -ni wlan0 port 53

IP 192.168.1.23.41822 > 192.168.1.1.53: 5120+ A? www.unigoa.ac.in. (34)
```

तुझ्या लॅपटॉपवर `wlan0` च्या जागी दुसरं नाव असू शकतं, ते `ip link` ने बघून ठेव. विद्यापीठाचं नाव पडद्यावर सरळ वाचता येतं. मुलांना सांग, की राउटरच्या मालकाने मनात आणलं तर त्याला हेच दिसतं. आता `sudo wg-quick up wg0` करून तीच विचारणा पुन्हा कर, पण या वेळी ५१८२० या पोर्टवर नजर ठेव:

```
sudo tcpdump -ni wlan0 udp port 51820

IP 192.168.1.23.38211 > 203.0.113.10.51820: UDP, length 148
IP 203.0.113.10.51820 > 192.168.1.23.38211: UDP, length 92
IP 192.168.1.23.38211 > 203.0.113.10.51820: UDP, length 96
```

१४८ आणि ९२ बाइटची पहिली दोन पॅकेटं म्हणजे दोन्ही टोकांनी किल्ल्यांची ओळख पटवणं. तिसऱ्यात तुझी विचारणा आहे, आणि तिचा हिशेब फळ्यावर मांडण्यासारखा आहे. मूळ प्रश्न ३४ बाइटचा. त्यावर यूडीपीचे ८ आणि आयपीचे २० धरून ६२ होतात. वायरगार्ड आतलं पॅकेट १६ च्या पटीत भरून घेतं, म्हणून ६४. त्यावर त्याचे स्वतःचे ३२, एकूण ९६. नाव गायब झालं, पण पॅकेट गेलं ही गोष्ट, त्याची वेळ आणि साधारण आकार लपलेला नाही. तू व्हीपीएन वापरतोयस हेही लपलेलं नाही. पोर्ट ५१८२० आणि पहिलं पॅकेट बरोबर १४८ बाइटचं, एवढ्यावरून कॉलेजच्या फायरवॉलला वायरगार्ड ओळखता येतं.

बहुतेक लोक इथे थांबतात आणि टाळ्या घेतात. तू थांबू नकोस. तिसरी खिडकी उघड, भाड्याच्या सर्व्हरवर लॉगिन कर आणि तिथून बाहेर जाणाऱ्या कार्डावर पहिलीच आज्ञा चालव. मग लॅपटॉपवर `sudo resolvectl flush-caches` करून तीच विचारणा पुन्हा कर:

```
sudo tcpdump -ni eth0 port 53

IP 203.0.113.10.41822 > 1.1.1.1.53: 5120+ A? www.unigoa.ac.in. (34)
```

नाव पुन्हा उघडं. कॅफेत जे दिसत होतं ते आता सर्व्हरच्या मालकाला दिसतंय. आज मालक तू आहेस. विकतचं किंवा फुकटचं व्हीपीएन घेतलंस तर मालक कोणी दुसरा असेल, आणि त्याच्याकडे अशी खिडकी कायम उघडी असू शकते. ही तीन दृश्यं लागोपाठ बघितलेल्या मुलाला "मी कोणालाच दिसत नाही" असं परत म्हणता येणार नाही.

इथून विश्वासाचा विषय आपोआप येतो, आणि त्याला खरं उदाहरण दे. ओनावो नावाची एक कंपनी फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतली. तिचं ओनावो प्रोटेक्ट हे फुकट व्हीपीएन लोक सुरक्षेसाठी फोनवर टाकत. त्यातून लोक कोणती अॅप्स किती वापरतात याची माहिती फेसबुककडे जात होती, आणि प्रतिस्पर्ध्यांवर लक्ष ठेवायला ती कामी येत होती. अॅपलच्या आक्षेपानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये ते आयफोनच्या अॅप स्टोअरवरून काढलं गेलं. इथे कूटबद्धता कुठेही तुटली नव्हती. व्हीपीएन ठरल्याप्रमाणे चालत होतं, फक्त दुसऱ्या टोकाला बसलेल्याचा हेतू वेगळा होता. फुकट व्हीपीएनबद्दल कोणी विचारलं तर मी एवढंच विचारीन, की सर्व्हर आणि बँडविड्थचे पैसे कोण भरतंय? त्याचं पटण्यासारखं उत्तर त्या कंपनीच्या पानावर सापडत नसेल तर ते अॅप फोनवर ठेवू नका.

भारतातला कायदाही दोन वाक्यांत सांग, कारण प्रश्न येणारच. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पडताळलेला पत्ता आणि संपर्क, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि वापराचा काळ ही माहिती, ग्राहक सोडून गेल्यावरही, पाच वर्षं किंवा अधिक ठेवायची आहे. कंपन्यांचं अंतर्गत व्हीपीएन यातून वगळलेलं आहे. नॉर्डव्हीपीएन, एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी त्यानंतर भारतातले आपले सर्व्हर हलवले. तेच कलम भाड्याने सर्व्हर देणाऱ्यांनाही लागू आहे, आणि ही गोष्ट तुझ्या प्रात्यक्षिकाच्या संदर्भात मोलाची आहे. स्वतःचं व्हीपीएन उभारलं की आपण निनावी झालो असं काही मुलांना वाटतं. प्रत्यक्षात तो सर्व्हर तुझ्या नावावर आहे आणि त्यातून बाहेर पडणारी सगळी रहदारी तुझ्या एकट्याची आहे. कॅफेवाल्यापासून लपायला तो उत्तम. ओळख लपवायला मात्र तो विकतच्या व्हीपीएनपेक्षाही कमी कामाचा, कारण विकतच्या सर्व्हरमागे निदान शेकडो लोक एकाच पत्त्याने बाहेर पडत असतात.

साइटच्या बाजूने काय बदलतं? फक्त आयपी पत्ता. तू गुगलमध्ये लॉगिन करून बसला असशील तर गुगलला तू तूच आहेस. ब्राउझरमधल्या कुकीज त्याच राहतात. फोनवरच्या अॅपला लोकेशनची परवानगी दिली असेल तर पत्ता सिंगापूरचा दिसला तरी जीपीएस म्हापसाच सांगतं. वर्गात व्हीपीएन लावून यूट्यूब उघड. तेच खातं, तोच जुना इतिहास, त्याच शिफारशी. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

एक भाग मात्र वेळ काढून सांग, कारण तो सहसा कोणी सांगत नाही: व्हीपीएन चालू दिसतं, पण पॅकेटं त्याच्या बाहेरून जातात. याचं रोजचं रूप म्हणजे आयपीव्ही६, आयपी पत्त्यांची नवी पद्धत. वरच्या फाइलमधून `::/0`, म्हणजे सगळे आयपीव्ही६ पत्ते, काढ, `sudo wg-quick down wg0` आणि मग `sudo wg-quick up wg0` कर, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घे आणि हे दोन चालव:

```
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
```

पहिलं तुझ्या सर्व्हरचा पत्ता दाखवेल. दुसरं मोबाइल कंपनीने दिलेला तुझा खरा आयपीव्ही६ पत्ता दाखवेल. जिओसारख्या नेटवर्कवर मोठी रहदारी आयपीव्ही६ वरूनच जाते आणि लॅपटॉपही शक्य असेल तिथे तेच आधी वापरतो. म्हणजे ब्राउझिंगचा बराच भाग व्हीपीएनच्या बाहेरून चाललेला असतो आणि अॅपवर हिरवी खूण तशीच असते. `::/0` परत घाल आणि व्हीपीएन पुन्हा तसंच बंद-चालू कर. आता दुसरी आज्ञा एक तर अपयशी ठरली पाहिजे किंवा सर्व्हरचा पत्ता दाखवला पाहिजे.

दुसरं रूप टनेलव्हिजन या नावाने मे २०२४ मध्ये उघड झालं, नोंद `CVE-2024-3661`. वाय-फायला जोडताना राउटर लॅपटॉपला डीएचसीपीने पत्ता देतो. त्याच संवादात १२१ क्रमांकाचा एक पर्याय आहे, त्यातून "अमुक पत्त्यांकडे जायचं तर माझ्याकडून जा" असे मार्गही देता येतात. आणि नेटवर्कचा नियम असा, की दोन मार्ग जुळले तर जो जास्त नेमका तो जिंकतो. वाईट हेतूच्या राउटरने सगळ्या इंटरनेटचे दोन अर्धे भाग करून दिले, तर ते "सगळं" म्हणणाऱ्या व्हीपीएनच्या मार्गापेक्षा नेमके ठरतात आणि पॅकेटं कूटबद्ध न होताच राउटरकडे जातात. सर्व्हरशी जोडणी मात्र टिकून असते, त्यामुळे शंका येत नाही. अँड्रॉइड हा पर्याय वाचतच नाही, म्हणून त्याला हा धोका नाही. लिनक्सवर तपास सोपा आहे:

```
ip route get 1.1.1.1
ip route | grep '/1 '
```

पहिल्या उत्तरात `dev wg0` दिसलं पाहिजे. दुसऱ्याने `0.0.0.0/1 via 192.168.1.1` अशी काही ओळ काढली आणि ती तुझ्या व्हीपीएनने घातलेली नसेल, तर त्या वाय-फायवरून उठ आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जा. ज्या अनोळखी वाय-फायवरच्या भीतीने व्हीपीएन लावतात, तिथलाच राउटर हे करू शकतो, म्हणून हे मुलांना कळायला हवं.

वेगाबद्दल फार बोलू नकोस. अंतर वाढलं की वेळ वाढतो, एवढं पुरे. प्रकाश फायबरमधून सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. गोव्याहून फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटरच्या वर आहे. त्यामुळे मुंबईत असलेली साइट फ्रँकफर्टच्या व्हीपीएनमधून उघडली, तर पॅकेट जर्मनीला जाऊन मुंबईला येतं, आणि उत्तरही त्याच वाटेने फिरून येतं. नुसत्या अंतरापोटीच १३० मिलिसेकंद जातात, आणि केबल सरळ रेषेत नसल्याने प्रत्यक्षात जास्तच.

प्रात्यक्षिकाची तयारी आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये कर. `tcpdump` फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर आणि स्वतःच्या सर्व्हरवर चालव, कॉलेजच्या वाय-फायवर दुसऱ्यांची पॅकेटं पकडायला जाऊ नकोस, आणि लॅबच्या सरांना आधी सांगून ठेव. `sudo wg show` मध्ये `latest handshake` ची ओळच येत नसेल आणि `tcpdump` मध्ये १४८ बाइटची पॅकेटं दर पाच सेकंदांनी नुसती बाहेर जाताना दिसत असतील, तर एक तर किल्ली चुकली आहे किंवा वाटेतली फायरवॉल ते पोर्ट अडवते आहे. लॅपटॉप हॉटस्पॉटवर घेऊन बघ. तिथे लगेच चाललं तर अडथळा कॉलेजच्या नेटवर्कचा आहे, आणि मग कार्यक्रम हॉटस्पॉटवरच कर.